भेट पुढे गेल्याचा निरोप

"सभा हाये होऽऽ! उद्या सकाळी आठ वाजता, चावडीपुढं! आठ वाजता होऽऽ, सकाळी आठ!"

हा माझ्या बापाचा आवाज. ऐकून तीस वर्षं तरी झाली असतील. बाप, तानबा, देवळीकडच्या आमच्या गावचा कोतवाल होता आणि गावची दवंडी त्याच्याच गळ्यातून निघायची. मी डफड्याच्या मागेमागे अनवाणी चालायची. एकदा विचारलं, "बाबा, वेळ दोनदा काऊन सांगता?"

"पह्यल्या बारीनं मानूस हातातलं काम थांबवते," तो म्हणाला, "दुसऱ्या बारीनं आयकते."

दवंडी गेली, डफडं गेलं, बापही गेला. पण काम घरातच राहिलं म्हणायचं. मी वर्ध्याजवळच्या एका दवाखान्यात निरोप देते, फोनवरून.

आमच्या विभागात बरं व्हायला कोणी येत नाही. जे बरे होणार नाहीत, त्यांचं दुखणं कमी करायचं, जखमा धुवायच्या, घरच्यांना तयार करायचं, एवढंच आमचं काम. या तयार करण्याला आम्ही 'कुटुंबाची भेट' म्हणतो. डॉक्टर, रोग्याच्या घरचे आणि आम्ही दोघीतिघी एका खोलीत बसतो. पाण्याचा तांब्या मधे असतो. डॉक्टर सांगतात ते सांगतात. या भेटी ठरवणं, मोडल्या तर पुन्हा ठरवणं माझ्याकडे. निम्म्या लोकांना वाचता येत नाही, ज्यांना येतं त्यांच्या फोनची काच तडकलेली असते. म्हणून लिहून पाठवायचं नाही. बोलून पाठवायचं.

भेट पुढे गेली तर काय बोलायचं, ते आमच्या सरोजिनी मॅडमनी पुठ्ठ्यावर लिहून माझ्या टेबलासमोर चिकटवलं आहे. आधी नाव. मग भेट होणार नाही हे सरळ सांगणं, दोन शब्दांत कारण, एकदा माफी. मग नवा दिवस, नवी वेळ. मग तीच वेळ परत. शेवटी 'ऐकलं असेल तर कळवा.' सगळं तीस सेकंदांत. आवाजात माया पाहिजे, पण आजाराचा एक शब्द नको.

"काऊन ते माहीत आहे का?" मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. त्या पुण्याच्या, पण पंचवीस वर्षांत आमचं 'काऊन' त्यांच्या जिभेवर चढलं आहे. "तुझा निरोप कोणी कानाला लावून ऐकत नाही. अंगणात मोठ्यानं लावतात. शेजारीण ऐकते, सून ऐकते. खाटेवरचा माणूसही ऐकतो."

मी हे कधी विसरले नाही. विसरले ती दुसरीच गोष्ट.

ऑक्टोबरातला सोमवार होता. वडनेरचे हरिदास, वय पंचावन्न. तीस वर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्ला आणि गालातून सुरू झालेली गाठ मानेत उतरली. तोंड उघडत नव्हतं, नाकातल्या नळीतून पेज जायची. त्यांची भेट मंगळवारी ठरली होती. अभिराम डॉक्टरांनी फाइलमध्ये लिहिलेलं मी वाचलं होतं, कारण भेटीची तयारी मलाच करायची होती: गाठ मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीला भिडली आहे, वाहिनी कधीही फुटू शकते, आधी थेंबभर रक्त दिसेल, दिवस मोजके. खाली काय काय सांगायचं त्याची यादी. खाटेजवळ गडद रंगाची चादर आणि टॉवेल ठेवा, म्हणजे रक्त वाहिलं तरी ते पाहून घाबरणं कमी होतं. झोपेचं औषध कसं द्यायचं. आणि शेवटी, दोन रेघा मारून: मुलाला सोबत आणायला सांगा.

मुलगा अश्वजित पुण्याकडे चाकणच्या कारखान्यात. चार दिवसांची सुट्टी कशीबशी मिळवून सोमवारी संध्याकाळच्या गाडीत बसणार होता.

सोमवारी सकाळी डॉक्टरांना अकोल्याला परीक्षक म्हणून जायचा आदेश आला. मंगळवार ते गुरुवार. जाता जाता ते टेबलाशी थांबले. "शुक्रवारी अकराला घ्या सगळ्या भेटी. वडनेरवाल्यांच्या मुलाला मात्र थांबवू नका. त्याला येऊ द्या, भेट झाली नाही तरी."

हरिदासांच्या बायकोसाठी मी पुठ्ठ्याकडे बघत कागदावर लिहून काढलं:

'नमस्कार पंचफुलाबाई, मी दवाखान्यातून मेघा बोलते. उद्याची भेट होणार नाही, डॉक्टरांना बाहेरगावी जावं लागलं. माफ करजा. आता भेट शुक्रवारी, सकाळी अकरा वाजता. परत सांगते, शुक्रवार, सकाळी अकरा. अश्वजितले मात्र आजच निघू द्या, त्याले थांबवू नका. आयकलं की कळवजा.'

बटण दाबून बोलले. परत लावून ऐकलं तर बँकेच्या मशीनसारखा आवाज. पुसून टाकलं. दुसऱ्यांदा बोलताना खिडकीखालून रुग्णवाहिका ओरडत गेली. तीही पुसली. तेवढ्यात योगेंद्र आला, घरोघरी जाऊन जखमा धुणारा आमचा नर्स.

"मेघाताई, रेडिओत भरती निघाली का? कवाच्या बोलून राह्यल्या एकट्याच!"

"जाय बाबा, तुझ्या गाडीत पेट्रोल हाये का ते पाय."

हसत हसतच मी तिसऱ्यांदा बटण दाबलं. त्या हसण्यानं आवाज आपोआप ऊबदार झाला. कागद समोर होता, पण डोळ्यांसमोर पंचफुलाबाईंचा चेहरा आला. मागच्या वेळी पदराचं टोक चावत, रडत बाकावर बसल्या होत्या. शुक्रवार सकाळी अकरा, शुक्रवार सकाळी अकरा, दोन्ही वेळा नीट म्हटलं. पुढची ओळ आली, 'अश्वजितले आजच निघू द्या, त्याले थांबवू नका', आणि जीभ अडली. हे ऐकून बाई विचारेल ना, भेट नाही तर पोरगं आजच काऊन? खाटेवरचा माणूसही विचारेल. ती ओळ मी गिळली. तिच्या जागी माझ्याच तोंडून निघालं, "काळजी करू नका मावशी. निवांत या."

सत्तावीस सेकंद. पाठवून दिलं.

मनात म्हटलं, मुलाचं वेगळं फोनवर सांगू, दुपारी. दुपारी आणखी सहा भेटींचे निरोप पाठवायचे होते. मधे एकाच्या घरचे रडत आले. संध्याकाळी पंचफुलाबाईंचं उत्तर आलं, तेही बोलून: "आयकलं बाई. शुक्रवार, सकाळी अकरा. शुक्रवार, सकाळी अकरा. तुमचा आवाज आयकून जीव थंड झाला. पोरालेही सांगतलं."

पोरालेही सांगतलं. म्हणजे नवी वेळ सांगितली, असं मी धरलं आणि फोन केला नाही. मॅडमनी निरोप ऐकून शाबासकी दिली. "हाच नमुना नव्या मुलींना ऐकव," म्हणाल्या. मला बरं वाटलं, तेही खरंच.

बुधवारी दुपारी योगेंद्र वडनेरहून परतला. हात धुता धुता सहज बोलला, "हरिदासकाकांच्या घरी सण हाये जसा. काकू म्हने, दवाखान्यातून बाईनं सांगतलं काळजीचं काम नाई, निवांत या. पोराले येऊच नको म्हनून कळवलं त्यांनी. तिकीट रद्द केलं त्यानं. सुट्टी दिवाळीले वापरीन म्हनते."

मी उभी होते ती खुर्चीवर बसले.

"जखम कशी हाये?"

योगेंद्रनं नळ बंद केला. "पट्टीले ताजं रक्त होतं. थेंब दोन थेंब. मी डॉक्टरांले फोटो पाठवला, अजून पाह्यला नाई त्यांनी."

थेंब दोन थेंब. फाइलमध्ये याच थेंबांबद्दल लिहिलं होतं. मोठ्या पुराआधी नाला असाच पाझरतो.

डॉक्टरांचा फोन बंद. परीक्षेच्या हॉलमध्ये फोन नेऊ देत नाहीत. अश्वजितचा नंबर फाइलमधून काढून लावला, तोही बंद. कारखान्यात पाळी सुरू असताना फोन कपाटात ठेवावा लागतो, हे पंचफुलाबाईंनीच मागे सांगितलं होतं. मी मॅडमकडे गेले.

"मॅडम, मी ओळ गाळली. अन् नसलेली ओळ घातली."

त्यांनी चष्मा काढला. सगळं ऐकलं. रागावल्या नाहीत, त्यानं जास्त वाईट वाटलं. "आपण डॉक्टर नाही, मेघा. किती दिवस उरलेत ते डॉक्टरांनी सांगायचं, समोर बसून. फोनवर तर नाहीच. परवा शुक्रवार आहे. अजून एक निरोप पाठव, मुलाला बोलवा म्हणून. तेवढंच."

जागेवर येऊन कागद घेतला. 'नमस्कार पंचफुलाबाई.' पुढे काय? 'अश्वजितला बोलवून घ्या.' काऊन, असं त्या विचारणारच. 'डॉक्टरांनी सांगितलं आहे.' मग परवाचं 'काळजी करू नका' कोणी सांगितलं? मायेनं लिहावं तर खोटं होत होतं, खरं लिहावं तर ते अंगणात मोठ्यानं वाजणार होतं, खाटेवरच्या माणसाच्या उशाशी. तीन कागद फाडले. वेळ बदलायला तीस सेकंद पुरतात. ही गोष्ट कितीही सेकंदांत बसत नव्हती.

पर्स उचलली. "मॅडम, मी वडनेरले चालली."

"काय म्हणून चाललीस?"

"माझी चूक निस्तरायले."

त्या थांब म्हणाल्या नाहीत. मी जिन्यात असताना मागून आवाज आला, "चादर घेऊन जा. कपाटात मरून रंगाची आहे."

हिंगणघाटची बस मिळाली, तिथून वडनेरला काळीपिवळी जीप. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन कापून ढीग लागले होते, मळणीयंत्रांचा धुरळा उन्हात तरंगत होता. कपाशी फुटायला लागली होती. पिशवीतली चादर मांडीवर घेऊन बसले होते. शेजारची बाई म्हणाली, "लगनाले चालल्या काय?" मी मान हलवली. हो की नाही, माझं मलाच कळलं नाही.

घर बौद्ध विहाराच्या मागच्या बोळीत. दाराला निळ्या रंगाचा ताजा हात दिलेला. पंचफुलाबाई सुपात तूर पाखडत होत्या. मी नाव सांगितलं तशा त्या सूप टाकून उठल्या.

"अगं माय! तुम्हीच का मेघाबाई? मले आवाजावरून वाटलं, बाई चांगली जाडजूड असन. हे तं तुरीची काडी!" हाताला धरून आत नेलं. "आवो, पाहा कोन आलं! त्या आवाजवाल्या बाई!"

हरिदास खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. मानेला पट्टी. पट्टीच्या कडेला तांबूस डाग, पाच रुपयांच्या नाण्याएवढा. चेहऱ्याची एक बाजू सुजून डोळा बारीक झालेला, पण दुसरा डोळा हसला. त्यांनी दोन्ही हात जोडले. मग उशाशी ठेवलेल्या पाटीवर खडूनं लिहिलं: 'शुक्र 11'. आणि माझ्याकडे बघून मान डोलावली, आपल्याला पाठ आहे अशी.

"दिवसातून चारदा लावाले लावते," पंचफुलाबाई कौतुकानं म्हणाल्या. "दुखू लागलं की फोनकडे बोट करते. मंग मी लावतो तुमचं. काळजी करू नका मावशी, निवांत या. हे आयकलं की डोळे मिटून पडते गपचिप. लावू का आता?"

"नको मावशी," मी म्हटलं.

"काऊन? लाजता काय?" त्या हसल्या. "बरं, पानी आनतो."

मी हरिदासांच्या शेजारी बसले. त्यांनी पाटी पुसली आणि हळूहळू लिहिलं, दोन शब्दांना कितीतरी वेळ लागला: 'पोरगं दिवाळीले'. खाली रेघ मारली. तोच डोळा पुन्हा हसला. दिवाळी तीन आठवड्यांवर होती. त्यांच्या मानेवरचा डाग मी आले तेव्हापेक्षा थोडा वाढला होता, की मला तसं वाटलं.

पाणी पिऊन मी म्हटलं, "मावशी, मागं चाला ना जरा. बोलायचं हाये."

मागच्या अंगणात धुण्याचा दगड होता, त्याच्यावर आम्ही दोघी बसलो. कडुनिंबाची पिवळी पानं पडत होती. भिंतीच्या पलीकडे कोणाकडे तरी मळणी चालू होती, त्या आवाजात आमचं बोलणं आत ऐकू जाणार नव्हतं.

"तुमच्या पायी पोराचा जीव भांड्यात पडला," त्या म्हणाल्या. "रडून राह्यला होता फोनवर. मी तुमचा निरोप त्याले पाठवला, अन् वरून मीही बोलली. बोलली काय, गायली! माय म्हनायची तशी. आयका." मला नको म्हणायला वेळच मिळाला नाही. त्यांनी मोबाइल काढून अंगठ्यानं दाबला आणि त्यांचाच आवाज, जात्यावरचा, लांबवलेला, अंगणात उभा राहिला:

"दूर देशी माझा बाळ, खुशाली सांगते वारा
नको येऊ धावूनिया, बाप तुझा हाये बरा."

ओवी संपली. मळणीचा आवाज पुन्हा वर आला. पंचफुलाबाई माझ्याकडे बघत होत्या, कशी आहे म्हणून. आणि मग बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांची नजर माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे गेली. चादरीची घडी थोडी बाहेर आली होती.

"हे काय आनलं?"

"चादर हाये."

"कोनासाठी?"

"काकांसाठी. उशाशी ठेवायची."

"आमच्याकडे हायेत ना चादरी. पांढऱ्या हायेत, धुतलेल्या." त्यांनी कोपरा हातात धरून पाहिला. "इतकी काळीलाल कायले?"

मी त्यांचा हात धरला. पुठ्ठ्यावर याच्यासाठी एकही ओळ नव्हती. मॅडम म्हणतात, आधी विचारायचं, त्यांना किती माहीत आहे ते. मी विचारलं, "मावशी, तुम्हाले काय वाटते, काकांचं कसं हाये?"

त्या नखानं दगडावरचा साबणाचा पापुद्रा खरवडत राहिल्या.

"सोमवारपर्यंत वाटत होतं, नाई वाचत," त्या हळूच म्हणाल्या. "रातभर मी त्याच्या नाकाशी बोट धरून बसत जाओ, श्वास हाये का पाहाले. पोराले म्हनलं, ये बाप्पा, आता ये. अन् मंग तुमचा निरोप आला. दवाखान्याची बाई म्हनते निवांत या, तं मले काऊन कळावं जास्त? मी अडानी. मी म्हनलं, माह्याच मनात पाप हाये."

त्यांना माहीत होतं. त्या स्वतः वाटेवर आल्या होत्या आणि मी माझ्या ऊबदार आवाजानं त्यांना परत पाठवलं होतं.

आतून खोकल्याचा आवाज आला. पंचफुलाबाई उठू लागल्या. मी हात सोडला नाही.

"मावशी, बसा. एक मिनिट बसा. मी सांगते ते आयका."

त्या बसल्या. त्यांचे डोळे माझ्या तोंडावर होते, तोंडावरच, जणू आवाज कुठून निघतो ते बघत होत्या.

"काळजी करू नका, हे डॉक्टरांनी सांगतलं नव्हतं. ते मी बोलली. माझ्या मनानं बोलली, मले तुमचं रडनं सहन होत नव्हतं म्हनून. डॉक्टरांनी सांगतलं होतं, पोराले थांबवू नका, आजच येऊ द्या. ते मी सांगतलं नाई. काकांचे दिवस नाई राह्यले, मावशी. मानेतली नस फुटू शकते, आजही, आता बोलून राह्यलो तेव्हाही. तुमच्या मनात पाप नव्हतं. तुम्ही खरं ओळखलं होतं. अश्वजितले फोन लावा, शुक्रवारची वाट पाहू नका. लागत नाई तं कारखान्याच्या हापिसात लावा, मी बोलते त्याच्याशी. बाप जित्ता हाये तवरच निघाले सांगा."